गाळलेला भाग कुठून घ्यायचा?

> चॅटबॉटशी रायगडाबद्दल बोलून झाल्यावर "आणि सिंहगडावर?" असा पुढचा प्रश्न आला की त्याचा सर्च भलतंच आणतो. आधीचं सगळं संभाषण जोडून पाहिलं, तरी तेच.

सगळं जोडलं की रायगडाचेच शब्द जास्त होतात, म्हणून निकालही रायगडाचेच येतात. समजा क्रम असा आहे: "रायगडला पुण्याहून कसं जायचं?", "तिथे रोपवे आहे का?", "आणि सिंहगडावर?" इथे गाळलेला भाग लगतच्या प्रश्नातून घ्यायचा: "सिंहगडावर रोपवे आहे का?" जागा बदलली, विचारणा तीच राहिली. "रायगड" मात्र पूर्ण गळायला हवा.

सर्चच्या आधी प्रश्न असा पूर्ण करायचं काम भाषा मॉडेलकडे द्या. त्याला नव्या प्रश्नासोबत मागचे दोन-तीन प्रश्न आणि फक्त शेवटचं उत्तर द्या. सूचनेत स्पष्ट लिहा की उत्तर द्यायचं नाही, आणि प्रश्न मुळातच पूर्ण असेल तर जसाच्या तसा परत करायचा. ही दुसरी ओळ बरेच जण विसरतात, मग "लोणावळ्याला आज पाऊस आहे का?" यालाही रोपवे चिकटतो.

प्रश्न नीट बदलला का, हे नुसतं अंतिम उत्तर वाचून कळत नाही. मूळ प्रश्न, बदललेला प्रश्न आणि सर्चचे पहिले पाच निकाल लॉगमध्ये शेजारी ठेवा. संभाषणात कुठेच नसलेलं नाव बदललेल्या प्रश्नात दिसलं, तर ते मॉडेलने पदरचं घातलंय.