मदत हवी आहे: 307 × 58 बहुपदीने गुणलं की उत्तर 15243556 येतंय

शिकवणी_सोलापूर
नमस्कार. नववीला बहुपदींचा गुणाकार चालू आहे. मुलांना ओळखीचं उदाहरण दिलं: चाटी गल्लीतून 307 टॉवेल घेतले, एकाचे 58 रुपये, तर एकूण किती? 307 म्हणजे 3x² + 0x + 7, 58 म्हणजे 5x + 8, आणि x = 10.

एका मुलीने सहगुणक रूपात (3, 0, 7) आणि (5, 8) घेतलं. गुणाकार (15, 24, 35, 56) असा बरोबर आला, पण उत्तर लिहिलं 15243556. एका मुलाने शून्य गाळून (3, 7) घेतलं, त्याचं आलं 2146. मुलीला म्हटलं, "हातचा राहिला." तर तिने विचारलं, "बाई, बहुपदीच्या गुणाकारात हातचा असतोच कुठे?" तिला काय सांगू? आणि अशा चुका मुलांना स्वतःच पकडता येतील अशी काही पडताळणी आहे का?

सातरस्ता
बाई, गुणतानाच हातचा पुढे न्यायला लावा. 56 चे 6, हातचे 5. 35 नि 5 चाळीस, शून्य ठेवून हातचे 4. 24 नि 4 अठ्ठावीस, 8 ठेवून हातचे 2. 15 नि 2 सतरा. झालं 17806. म्हणजे बहुपदी x⁴ + 7x³ + 8x² + 0x + 6. पडताळणीला x = 1 घाला, म्हणजे सहगुणकांची बेरीज. 3+0+7 = 10, 5+8 = 13, गुणाकार 130, आणि 15+24+35+56 पण 130. एवढी एक पडताळणी पुरते.

गणितकट्टा
17806 बरोबर आहे, पण दोन ठिकाणी अडतंय.

मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. बहुपदीत हातचा नसतो. 10x² चा x³ होतो तो फक्त x = 10 असताना. सातरस्ता, तुमच्या दोन्ही बहुपदींत x = 9 घालून बघा: 15x³ + 24x² + 35x + 56 चे 13250 येतात, हातचे नेलेलीचे 12318. म्हणजे गुणाकाराची बहुपदी पहिलीच. हातचा ही त्यानंतरची पायरी, 10 ची किंमत घालून झाल्यावरची: 15000 + 2400 + 350 + 56 = 17806.

आता तिचं 15243556. हीच बहुपदी घेऊन x = 100 घाला. 307 च्या जागी 30007 येतं, 58 च्या जागी 508, आणि 30007 × 508 = 15243556. सहगुणक नुसते शेजारी शेजारी लिहिले की प्रत्येकाला दोन घरं मिळतात, म्हणजे पाया शंभर झाला. तिथे 56 एका घरात मावतं, म्हणून हातचा लागत नाही. दहाच्या पायात एका घरात 9 च्या वर काही मावत नाही. तिला हे दोन्ही गुणाकार स्वतः करायला सांगा.

पडताळणीबद्दल: x = 1 ने गाळलेलं शून्य कळतच नाही. (3, 7) ची बेरीजही 10, आणि त्या मुलाचा गुणाकार 15x² + 59x + 56, त्याचीही बेरीज 130! म्हणून सोबत x = −1 घ्या. 3 − 0 + 7 = 10, −5 + 8 = 3, तर 30 यायला हवेत; −15 + 24 − 35 + 56 = 30, जुळलं. त्या मुलाचे 15 − 59 + 56 = 12, तिथे चूक उघडी पडते.

हातच्यांनाही पडताळणी आहे. एक हातचा पुढे गेला की एका घरातले 10 कमी होतात आणि पुढच्यात 1 वाढतो, म्हणजे बेरीज 9 ने उतरते. 17806 च्या अंकांची बेरीज 22. 130 − 22 = 108, म्हणजे 12 हातचे. मोजा: 5, 4, 2 आणि सतरामधला 1.

कोडवाला
विषय निघालाच आहे तर माझं विचारतो. मोठ्या संख्या चार-चार अंकांचे तुकडे पाडून गुणतो, पाया 10000. हातचे शेवटी एकदम नेतो. 80 अंकांपर्यंत उत्तर बरोबर, 100 अंकांच्या संख्यांना मध्येच उणे आकडे येतात.

गणितकट्टा
सहगुणक 32 बिटच्या `int` मध्ये साठवताय ना? दोन तुकड्यांचा गुणाकार 9999 × 9999 = 99980001 पर्यंत जातो, आणि मधल्या घरात जितके तुकडे तितक्या गुणाकारांची बेरीज होते. मर्यादा 2147483647, त्यात असे 21 मावतात, बाविसावा नाही. 100 अंक म्हणजे 25 तुकडे. सगळ्याच संख्यांना बिघडणार नाही, मोठे तुकडे असतील तिथेच. ही बेरीज जिथे साठते ते सहगुणकच `long long` मध्ये घ्या, एकटा गुणाकार `int` मध्ये मावतो. नाहीतर बेरीज आधीच ओसंडलेली असते, नंतर मोठ्या जागेत ठेवून उपयोग नाही.

शिकवणी_सोलापूर
शंभरचा पाया उद्या फळ्यावर घेते. एक राहिलं: प्रश्नातच x = 10 दिलंय आणि मुलाने x⁴ + 7x³ + 8x² + 6 लिहिलं, तर गुण द्यायचे का?

सातरस्ता
द्यावेत. किंमत तीच येते.

गणितकट्टा
"गुणाकार बहुपदी लिहा" असं विचारलं असेल तर मी देणार नाही. पहिला सहगुणक 3 × 5 = 15 च यायला हवा, 1 कुठून आला?