हातचे चौकोन सोडायचे कशाला?

> आम्ही बोरिवली लोकलमध्ये वहीच्या मागच्या पानावर ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ खेळतो. एकदम चार चौकोन मिळतात, तरी शेवटी मी हरतो. असं का?

कारण चौकोन पूर्ण केला की पुढची रेघ तुम्हालाच मारावी लागते. चार घेतल्यावर तुम्हीच पुढची साखळी, म्हणजे एक रेघ पडली की ओळीने मिळत जाणारे चौकोन, समोरच्याला उघडून देता.

समजा पाच बाय पाच ठिपके आहेत, म्हणजे १६ चौकोन. ३-३ झालेत आणि दोन साखळ्या उरल्यात, एक ४ ची, एक ६ ची. समोरच्याने चारची साखळी एका टोकाने उघडली. सगळे घेतलेत तर सहाची तुम्ही उघडणार आणि ७-९ ने हरणार.

त्याऐवजी पहिले दोनच घ्या. तिसऱ्या-चौथ्याच्या मधली रेघ मारायचा मोह टाळून चौथ्याची बाहेरची बाजू बंद करा. आता त्या मधल्या एका रेघेत त्याला दोन्ही चौकोन मिळतील, पण पुढची चाल त्याचीच! तो सहाची साखळी उघडतो आणि तुम्ही ११-५ ने जिंकता. दोन चौकोन नाकारून त्याने थेट सहाची उघडली, तर तेही दोन तुमचेच.

शेवटच्या साखळीत मात्र काही सोडू नका, अख्खी घ्या. गोल बंद साखळी असेल तर दोन नाही, चार सोडावे लागतात, तेव्हा आधी हिशेब करा. आणि दोनच चौकोनांची जागा द्यायची वेळ तुमच्यावर आली, तर मधली रेघ मारून द्या. मग समोरच्याला ही युक्ती तुमच्यावर उलटवता येत नाही. (आमच्या डब्यातले बरेच जण इथेच फसतात.)