शब्दचर्चा : ‘कार्डिओमेगली’ला मराठीत काय म्हणावं?

शेवंती : आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टात ‘कार्डिओमेगली, सीटी रेशो 0.54’ असं आहे. ‘हृदयवृद्धी’ लिहिलं तर चालेल का? आणि हा रेशो नेमका कशाचा?

बापू_सांगलीकर : हृदयवृद्धीच बरोबर. बीपीने हृदयाचा स्नायू जाड होतो, तेच एक्स-रेत मोठं दिसतं. रेशो 0.5च्या आत असला म्हणजे हृदय ठणठणीत.

काळीपांढरी : पंचवीस वर्षं एक्स-रे वाचते आहे, म्हणून बोलते. बापू, बीपीचं हृदय बिघडतं हे खरं, पण स्नायू बहुतेक वेळा आतल्या बाजूला जाड होतो. पोकळी लहान होते, बाहेरचा आकार तसाच राहतो. असा रेशो 0.46 आलेला माणूसही चांगलाच आजारी असू शकतो. उलट हृदय पसरलं, म्हणजे पोकळ्या ताणल्या गेल्या, की सावली रुंदावते. मराठीत ‘वृद्धी’ वाचून लोक जाडीच समजतात, म्हणून मला तो शब्द खटकतो.

रेशो काढायचा तो असा. मणक्यांच्या मधोमध एक उभी रेघ. तिच्यापासून हृदयाची उजवी कड सर्वांत लांब जिथे जाते ते अंतर, आणि डावी कड जिथे जाते ते अंतर. दोन्हींची बेरीज. तिला छातीच्या आतल्या रुंदीने भागायचं. ही रुंदी फासळ्यांच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, जिथे सर्वांत जास्त असेल तिथे मोजतात. मोठ्या माणसात अर्ध्यापर्यंत ठीक मानतात. तान्ह्या बाळाचा यापेक्षा जास्त असतो आणि त्यात काही वावगं नाही.

गोट्या_नाशिक : माझ्या आईच्या रिपोर्टात 0.54च होता! घरात रडारड. आता चालणं बंद करायचं का?

काळीपांढरी : फिल्म कशी काढली होती? उभं राहून, की पलंगावर?

गोट्या_नाशिक : न्यूमोनियाने ॲडमिट होती. मशीन पलंगाशीच आणलं होतं. हृदय 14.5 सेमी आणि छाती 27, असं कडेला पेनाने लिहिलंय. बरी झाल्यावर दुसरा काढला, तो उभं राहून. त्यात 13 आणि 27.5.

काळीपांढरी : करा भागाकार. पहिला 0.54, दुसरा 0.47. हृदय तेच. उभ्या फिल्ममध्ये छाती प्लेटला टेकवतात, किरण पाठीकडून येतात, सहा फुटांवरून. पलंगावर प्लेट पाठीखाली असते आणि नळी समोर, बरीच जवळ. हृदय छातीत पुढच्या बाजूला, म्हणजे प्लेटपासून लांब. कंदिलाजवळ हात नेला की भिंतीवरची सावली मोठी होते, तसंच हे. चालण्याचं मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आकड्यावरून मी सांगणार नाही.

शेवंती : पण गुणोत्तर आहे ना? छातीची सावलीही तितकीच मोठी व्हायला हवी. भागाकार तोच यायला नको का?

काळीपांढरी : छान पकडलंस. छातीची सर्वांत जास्त रुंदी पुढच्या-मागच्या मध्यावर असते, हृदय त्याच्या पुढे. दोघं सारख्या प्रमाणात मोठे होत नाहीत. शिवाय आजारी माणूस श्वास पूर्ण घेत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर राहतो आणि हृदय आडवं पसरतं. चांगल्या श्वासात पाठीकडच्या नऊ-दहा फासळ्या पडद्याच्या वर मोजता येतात. सातच दिसल्या तर मी रुंदीवर शेरा मारायचं टाळते.

बापू_सांगलीकर : म्हणजे मोठं दिसणं खोटं, लहान दिसणंही खोटं? मग मोजायचं कशाला?

काळीपांढरी : खोटं नाही हो. 1919 साली डॅन्झर यांनी हे मोजमाप मांडलं तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नव्हती. आजही दोन नीट काढलेल्या उभ्या फिल्म शेजारी ठेवल्या आणि दुसरी 0.48वरून 0.57वर गेलेली दिसली, तर मी लगेच इको करायला सांगते. पण पोकळी पसरली, की हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं, की शेजारी चरबी आहे, हे सावलीवरून पक्कं कळत नाही. एक्स-रेत स्नायू आणि पाणी यांची छटा जवळजवळ एकच. फुफ्फुसं फुगलेल्या माणसात छाती रुंद आणि हृदय उभं, बारीक. तिथे आजारी हृदयही अर्ध्याच्या आत बसतं.

शेवंती : मग मी ‘हृदयाची सावली रुंद’ लिहिते.

बापू_सांगलीकर : रिपोर्ट आहे की कविता? ‘हृदयविस्तार’ लिहा, सुटसुटीत.

काळीपांढरी : विस्तार म्हटलं की पोकळी पसरली असं ठरवून टाकल्यासारखं होतं. मला ‘सावली’ आवडते, पण वॉर्डातली नर्स ‘कार्डिओमेगली’च म्हणणार.

गोट्या_नाशिक : आईला मी सांगितलं, फोटो जवळून काढला होता. तिला तेवढं पटलं.