प्रतिसाद: प्रोटीन आणि किडनी

> "कॉलेज रोडच्या जिमला जातो. वय २८, वजन ७० किलो, रोज ११० ग्रॅम प्रोटीन आणि सोबत क्रिएटिन. रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.३५ आलंय. घरचे म्हणतात, पावडरीने किडनी गेली. बंद करू का?"

११० ग्रॅम म्हणजे किलोमागे साधारण १.६ ग्रॅम. निरोगी किडनी एवढ्याने खराब होते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. प्रोटीन वाढलं की किडनी जास्त रक्त गाळते, तो तिचा जुळवून घेण्याचा भाग. मात्र वीस-तीस वर्षांचा पुरावा फारसा नाही, हेही खरं.

तुमचा आकडा फसवा असू शकतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. कमावलेलं शरीर, क्रिएटिन, आदल्या रात्रीचं मटण किंवा जोरदार व्यायाम, कशानेही ते वाढतं. डॉक्टरांशी बोलून क्रिएटिन काही आठवडे थांबवा, दोन दिवस जड व्यायाम टाळा आणि पुन्हा तपासा. सोबत सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच रक्ततपासणी (यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा. ते ३० च्या खाली आणि सिस्टॅटिन ठीक, तर किडनी बहुधा ठणठणीत. अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा जास्त आलं तर थेट किडनीतज्ज्ञ म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, जिम ट्रेनर नव्हे.

मधुमेह, बीपी, मुतखडा, एकच किडनी किंवा घरात किडनीचा आजार असेल, तर प्रोटीन वाढवण्याआधीच तपासणी हवी. किडनीचा आजार सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, सूजही येत नाही. आधीच आजार असेल तर प्रोटीन बहुतेकदा कमीच करायला सांगतात. डायलिसिसवर मात्र उलट, जास्त लागतं.