रिकोर्ससह विकलेली येणी: विक्री म्हणायची की कर्ज?

रोजकीर्द: दोन ग्राहकांची मिळून १०,००,००० ची बिले आम्ही एका फायनान्स कंपनीला, म्हणजे फॅक्टरला, विकली. एक बिल ७,००,००० चे, दुसरे ३,००,००० चे, दोन्हींची मुदत तीन महिने. ८० टक्के आगाऊ ठरले होते. त्यातून १५,००० शुल्क कापून ७,८५,००० बँकेत आले. ८,००,००० वर महिना १ टक्का सरळ व्याज शेवटच्या हिशेबात धरायचे आहे. करार रिकोर्सचा, त्यामुळे ग्राहकाने बुडवले तर भरपाई आमच्याकडून. करारात 'विक्री' लिहिले आहे म्हणून मी येणी काढून टाकली, पण ऑडिटर म्हणतात कर्ज दाखवा. आता मोठ्या ग्राहकाने पूर्ण पैसे भरलेत, छोट्याने काहीच दिलेले नाही, आणि कंपनी १,२४,००० मागते आहे. आमचा हिशेब आयएफआरएसने चालतो. उलट नोंद नेमकी कशाची करू?

काटेकोर: तुमची नोंद बरोबर आहे, ऑडिटरला घाबरू नका. मालकी गेली, ग्राहकाला पत्र गेले, पैसे तिकडे जमा होतात, मग ती येणी तुमची कशी? बँक नावे ७,८५,०००, शुल्क नावे १५,०००, फॅक्टरकडे राखून ठेवलेली रक्कम नावे २,००,०००, येणी जमा १०,००,०००. रिकोर्स ही संभाव्य देणी, ती टिपेत लिहा.

बुडवल्यावर २४,००० व्याज राखीव रकमेतून गेले, उरले १,७६,०००. छोट्या ग्राहकाला ३,००,००० नावे टाकून परत आणा, समोर राखीव रक्कम १,७६,००० जमा आणि बँक १,२४,००० जमा. मागणीचा आकडा जुळतो.

जुनी खतावणी: आकडे काटेकोरांचे चोख आहेत, पण मुळातली भूमिका पटत नाही. करारावर काय लिहिलेय यापेक्षा ग्राहक बुडाला तर कोणाचा खिसा फाटतो, हे बघायचे. इथे सगळा तोटा रोजकीर्द यांच्यावर येतो. आयएफआरएस ९ प्रमाणे जोखीम आणि लाभ जवळपास सगळे तुमच्याकडेच राहिले तर येणी पुस्तकातून निघत नाहीत आणि मिळालेला पैसा देणे म्हणून दिसतो.

पहिल्या दिवशी बँक नावे ७,८५,०००, शुल्क नावे १५,०००, फॅक्टरचे कर्ज जमा ८,००,०००. येणी दहाच्या दहा लाख तशीच. त्या १५,००० पैकी कर्ज मिळवण्याचा जो खर्च असेल तो लगेच नफा-तोट्यात न टाकता कर्जातूनच वजा दाखवायचा आणि तीन महिन्यांत पसरवायचा. वर्षअखेर मध्येच आली तर हा फरक जाणवतो. वसुलीची सेवा म्हणून घेतलेला भाग मात्र सेवा मिळेल तसा खर्ची पडेल.

राखून ठेवलेल्या २,००,००० ची इथे नोंदच नाही. लोक नेमके इथे घसरतात. येणी दहा लाख ठेवतात आणि वर फॅक्टरकडे दोन लाख येणे असेही दाखवतात. मालमत्ता दोन लाखांनी फुगते. ताळा जमवायला मग समोर कसलेतरी अनामत खाते उघडलेले असते. तसे खाते दिसले की समजायचे.

पुढे दर महिन्याला व्याज नावे ८,०००, कर्ज जमा ८,०००. तीन महिन्यांनी कर्ज ८,२४,०००. मोठ्या ग्राहकाने फॅक्टरला भरले की कर्ज नावे ७,००,०००, त्या ग्राहकाचे येणे जमा ७,००,०००. उरले १,२४,०००, तेवढे बँकेतून द्या. बस. छोटा ग्राहक पुस्तकातून कधी गेलाच नव्हता, म्हणून परत आणायची नोंद नाही. तुम्हाला उलटवायची आहे ती तुमची पहिली नोंद.

आणि १,२४,००० हा तुमचा तोटा नव्हे, ती कर्जाची परतफेड आहे. तोटा छोट्या ग्राहकाकडून किती सुटेल यावर ठरेल. ४० टक्के मिळतील असा अंदाज असेल तर ३,००,००० वर तरतूद १,८०,०००. खरे तर अपेक्षित तोट्याची तरतूद पहिल्या दिवसापासून पूर्ण दहा लाखांवर चालू हवी होती. विक्री धरली की तीच नेमकी राहून जाते.

निळी शाई: आमच्याकडे असेच झाले. ग्राहकाने पैसे थांबवले, फॅक्टरने बिल परत पाठवले, आम्ही बुडीत धरून खर्चात टाकले. पुढे कळले की माल सदोष होता म्हणून तो अडून बसला होता. तुम्हीही आधी ते विचारा.

जुनी खतावणी: निळी शाई, तुमचे प्रकरण वेगळे आहे, पण विचारायचा सल्ला योग्य. मालाच्या तक्रारीमुळे बिल कमी होणार असेल तर क्रेडिट नोट काढून विक्रीच कमी करायची. ऐपत नसल्याने बुडाले तर विक्री शाबूत राहते आणि तोटा वेगळा दिसतो. माल खराब निघाला तर फक्त तेवढे बिल परत घेऊ, असे कलम जवळपास सगळ्याच करारांत असते, रिकोर्स नसलेल्यांतही. निव्वळ त्या कलमाने विक्रीचे कर्ज होत नाही.

काटेकोर: मग रिकोर्स मर्यादित असेल तर? आमचा करार एकूण बिलांच्या पहिल्या १० टक्के तोट्यापुरता आहे. ९० टक्के जोखीम फॅक्टरची. ही तरी विक्री ना?

जुनी खतावणी: तुमची बिले साधारण किती बुडतात? एक-दोन टक्के असतील तर सगळा नेहमीचा तोटा त्या पहिल्या दहा टक्क्यांतच मावतो. फॅक्टरकडे उरला तो फक्त महाप्रलय. बिलांच्या रकमेशी टक्का ताडू नका, तोटा जितका वरखाली होऊ शकतो त्यातला किती तुमच्याकडे राहतो ते मोजा. शिवाय ग्राहक प्रत्यक्ष भरेपर्यंतचे व्याज कोणाकडे, तेही करारात वाचा. तुमच्याकडे असेल तर उशिराची जोखीमही तुमचीच.

उंबरठा: काटेकोर अगदीच हवेत बोलत नाहीत. अमेरिकी नियमांत मुख्य कसोटी ताब्याची आहे: विकणारा दिवाळ्यात गेला तरी त्याच्या धनकोंना ती येणी मिळू नयेत, आणि घेणाऱ्याला ती पुढे विकता किंवा गहाण ठेवता यावीत. ते जमले तर रिकोर्स असूनही विक्री धरता येते. फक्त रिकोर्सची देणी टिपेत ढकलून भागत नाही, तिचे मूल्य काढून पहिल्याच दिवशी देणे म्हणून नोंदवावे लागते.

काटेकोर: टिपेचे मान्य. पण तुमच्या कर्जवाल्या पद्धतीत बँकेला आमचे कर्ज आठ लाखांनी जास्त दिसणार आणि कर्जमर्यादेची अट मोडणार. एकूण खर्च दोन्हीकडे तोच ३९,०००.

जुनी खतावणी: अट मोडते म्हणूनच तर ती आठ लाख दिसायला हवीत. बँकेशी आधी बोला, अटीची व्याख्या बदलून मिळते का बघा.

रोजकीर्द: पहिली नोंद उलटवतो. पण रोख प्रवाह पत्रकाचे काय? आठ लाख कर्ज म्हणून वित्तपुरवठ्यात आले, आणि मोठ्या ग्राहकाचे सात लाख आमच्या बँकेत आलेच नाहीत. मग ती वसुली व्यवसायाच्या रोखीत कधी दिसणार?

उंबरठा: काहीजण म्हणतात, रोख हातात आलीच नाही, तेव्हा कुठेच दाखवू नका, फक्त टिपेत खुलासा करा. तसे केले तर विक्रीची रोख व्यवसायात कधीच येत नाही. दुसरे म्हणतात, फॅक्टर तुमच्या वतीने वसूल करतो, म्हणून सात लाख व्यवसायात आत आणि वित्तपुरवठ्यात बाहेर दाखवा. मला दुसरे पटते.

जुनी खतावणी: मला पहिले. फॅक्टर स्वतःच्या कर्जापोटी पैसे घेतो आहे, तुमच्या वतीने नाही. करारात तो वसुली प्रतिनिधी म्हटलाय का, ते बघून ऑडिटरशी ठरवा. आणि जे ठरेल ते पुढच्या वर्षी बदलू नका.