बेळगाव की बेळगावी, आणि मथळ्याची मर्यादा

> ‘बेळगाव, बेळगांव की बेळगावी? शैलीपुस्तिकेत एकच रूप ठेवायचं ना? आणि मथळा किती अक्षरांचा?’

एकच रूप पुरणार नाही. मजकुरात ‘बेळगाव’ ठेवा; ‘गांव’वरचा अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी गेला. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून ‘बेळगावी’ आहे, पण ते फक्त कार्यालयाच्या पूर्ण नावात किंवा आदेशातल्या अवतरणात यावं. कारण व्याकरणाचं आहे: मराठीत ‘गावी’ म्हणजे गावात. ‘बेळगावी मोर्चा’ हा मथळा वाचक ‘बेळगावात मोर्चा’ असाच वाचतो. शिवाय ‘बेळगावीत’ लिहिलं की सप्तमी दोनदा लागल्यासारखी वाटते. म्हणून पुस्तिकेत नुसतं नाव नको. बेळगावात, बेळगावचा, बेळगावहून ही रूपंही लिहून ठेवा. चुका तिथेच होतात.

मथळ्याची मर्यादा संगणकाच्या आकड्यावर ठरवू नका. ‘बेळगावात उद्या पाणी बंद’ यात अक्षरं 11, पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, जोडाक्षरातला दुसरा वर्ण, अनुस्वार आणि मोकळ्या जागाही धरून 23 मोजतो. इंग्रजी पानासाठीची मर्यादा तशीच लावली, तर उपसंपादक जागा असूनही शब्द कापतो, आणि बहुधा पहिला बळी विभक्तिप्रत्ययाचा जातो. आपल्या टंकात, स्तंभाच्या रुंदीत चार-पाच जुने मथळे बसवून अक्षरं मोजा आणि तोच आकडा पुस्तिकेत घाला.