मदत हवी आहे: हॉटेलच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सुरुवातीची विक्री किती धरावी?

नमस्कार. मिसळ-थाळीचं 24 खुर्च्यांचं हॉटेल टाकतेय. एकूण खर्च 10 लाख, त्यात कर्ज साडेसात लाख. 5 वर्षं, 11 टक्के व्याज धरून हप्ता साधारण 16,300 येतो.

रोज 72 गिऱ्हाइकं, प्रत्येकी 110 रुपये, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे विक्री 2.06 लाख. किराणा-भाजीला 40 टक्के आणि भाडं, पगार, गॅस, वीज मिळून 90 हजार गेले की साडेतेहतीस हजार उरतात.

पण बँकेचे साहेब म्हणतात, पहिले सहा महिने 60 टक्केच विक्री दाखवा. तसं केलं तर हप्त्याआधीच महिन्याला 16 हजारांचा खड्डा पडतो! तो भरायला खेळतं भांडवल वाढवून मागावं, की हप्ता सहा महिने उशिरा सुरू करून घ्यावा? की दोन्ही? ज्यांचं असं कर्ज मंजूर झालंय, त्यांनी महिनावार तक्ता कसा मांडला होता, कृपया सांगा.